ऑनलाइन बैठकीचे रेकॉर्डिंग पुसताना काय काय पुसायचे

आमच्या पालकगटाची बैठक एका रविवारी संध्याकाळी झूमवर झाली. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांचे अकरा पालक, एक समुपदेशक आणि बैठक भरवणारी मी, असे तेराजण होतो. सव्वा तास बोलणे चालले. एका आईने मुलाला वर्गात सगळ्यांसमोर कसे उभे केले ते सांगितले. सांगताना शाळेचे नाव आले, बाईंचे नाव आले, मुलाला चालू असलेल्या गोळ्यांचे नावही आले. चॅटमध्ये तिने आपला फोन नंबर टाकला. एका वडिलांनी मुलाच्या दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची गुगल ड्राइव्हवरची लिंक दिली, तर आणखी एकीने मुलीच्या चाचणीचा अहवाल थेट चॅटमधून पाठवला. सगळे एकमेकांचा निरोप घेऊन बाहेर पडले.

सोमवारी सकाळी त्या आईचा निरोप आला. "ताई, काल मी मोकळेपणाने बोलले, पण रेकॉर्डिंग चालू होतं हे नंतर लक्षात आलं. ते काढून टाकाल का?" रेकॉर्डिंग मी मुद्दाम सुरू केले नव्हते. आधीच्या एका प्रशिक्षणासाठी आपोआप रेकॉर्डिंग होण्याची सोय चालू केली होती, ती तशीच राहिली होती. बैठक सुरू होताना पडद्यावर सूचना आली होती, पण कुणी ती मनावर घेतली नव्हती.

मी तिला लगेच "हो, काढते" असे कळवले आणि झूमच्या वेबसाइटवर जाऊन व्हिडिओ पुसला. काम झाले असे मला वाटले, पण ते झाले नव्हते. त्याच पानावर आवाजाची वेगळी फाईल होती, बोलण्याचा लेखी उतारा होता, चॅटची फाईल होती. माझ्या लॅपटॉपवर चॅटची आणखी एक प्रत होती. रेकॉर्डिंगची लिंक मी रविवारी रात्रीच व्हॉट्सअॅप गटात टाकली होती, आणि ज्या दोन फाईल बैठकीत फिरल्या त्या माझ्या ताब्यात कधी नव्हत्याच. हे सगळे निस्तरायला पुढे दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत जो क्रम हाती आला, तो या लेखात देते आहे. उदाहरण झूमचे आहे. गुगल मीट आणि टीम्स वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडक्यात लिहिले आहे.

पुसण्याआधी एक प्रश्न

रेकॉर्डिंग पुसण्याचा हक्क तुम्हाला आहे का आणि ते आत्ता पुसणे योग्य आहे का, हे आधी पाहा. बैठकीतल्या एखाद्या गोष्टीवरून तक्रार झाली असेल, पोलिसांत किंवा न्यायालयात प्रकरण गेले असेल किंवा जाण्याची चिन्हे असतील, तर काहीही पुसू नका. पुरावा म्हणून सादर होऊ नये या हेतूने इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. अशा वेळी रेकॉर्डिंग इतरांना दिसणार नाही असे करून ठेवावे आणि वकिलाला विचारावे. संस्थेची औपचारिक सभा असेल, तर नोंदी किती काळ ठेवायच्या याचा संस्थेचा नियम काय आहे तेही पाहावे लागते.

आमच्या बैठकीत असे काही नव्हते. ती मन मोकळे करण्याची जागा होती. तिचे इतिवृत्त लिहायचे नव्हते, ठराव व्हायचे नव्हते. रेकॉर्डिंग ठेवण्याचे कारणच नव्हते, त्यामुळे एका आईच्या विनंतीवरून सगळेच पुसायचे ठरवले.

फक्त तिचे बोलणे कापून बाकीचे ठेवता आले असते का, हेही मी पाहिले. झूमवर रेकॉर्डिंग कुठून कुठपर्यंत दाखवायचे याच्या खुणा लावता येतात. पण त्या खुणा दाखवण्यापुरत्याच असतात, मूळ फाईल पूर्ण राहते. शिवाय चित्र कापले तरी लेखी उताऱ्यातली आणि चॅटमधली तिची वाक्ये हलत नाहीत. एखाद्या माणसाने आपले बोलणे काढून मागितले असेल, तर ही पळवाट उपयोगाची नाही.

आधी वाट बंद करा

पहिले काम पुसण्याचे नाही, लिंक बंद करण्याचे आहे. पुसण्याच्या कामाला तास-दोन तास लागतात, आणि तेवढ्या वेळात कुणीतरी लिंक उघडून व्हिडिओ उतरवून घेऊ शकते.

ब्राउझरमध्ये झूमच्या वेबसाइटवर जा आणि ज्या खात्यावरून बैठक भरवली त्याच खात्याने आत शिरा. हे वाक्य साधे वाटते, पण घोळ इथेच होतो. अनेक संस्थांत एक सशुल्क खाते असते आणि तीन-चार कार्यकर्ते ते वापरतात. क्लाउडवरचे रेकॉर्डिंग बैठकीच्या यजमानाच्या खात्यात साठते, मग बटण सहयजमानाने दाबलेले असले तरी. तुम्ही स्वतःच्या खात्याने आत गेलात तर यादी रिकामी दिसेल आणि रेकॉर्डिंग नाहीच असा समज होईल. यादी रिकामी दिसली, तर आधी वर कोपऱ्यात कोणते खाते आहे ते पाहा.

डावीकडच्या यादीत `Recordings` आणि त्यात `Cloud Recordings` उघडा. आपल्या बैठकीच्या ओळीवरच्या `Share` मध्ये जाऊन लिंक बंद करा. तिथेच आणखी एक गोष्ट पाहून घ्या. रेकॉर्डिंग किती वेळा पाहिले गेले आणि किती वेळा उतरवले गेले, याचे आकडे झूम दाखवते. ते कागदावर टिपून ठेवा. आमच्या बाबतीत पाहिल्याची संख्या पाच होती आणि उतरवल्याची एक. म्हणजे कुणा एकाच्या फोनवर किंवा संगणकावर पूर्ण व्हिडिओ आहे, हे मला पूर्ण रेकॉर्डिंग पुसण्याआधीच कळले. तो आकडा पाहिला नसता, तर पुढे कुणाला विचारायचे तेही कळले नसते.

यानंतर लिंक जिथे जिथे पाठवली तिथून काढा. झूमच्या रेकॉर्डिंगच्या पत्त्यात `zoom.us/rec` एवढा भाग असतो. व्हॉट्सअॅपच्या आणि ईमेलच्या शोधपट्टीत तेवढेच टाकले की पाठवलेली प्रत्येक लिंक सापडते. व्हॉट्सअॅपवर पाठवणाऱ्याला सर्वांसाठी संदेश पुसण्याची मुभा साधारण दोन दिवसच मिळते, म्हणून हे काम लवकर करावे. मुदत उलटली तरी घाबरण्याचे कारण नाही. मूळ रेकॉर्डिंग गेले की लिंक कुचकामी होते. मात्र कुणी लिंकऐवजी व्हिडिओच गटात टाकला असेल, तर तो प्रत्येकाच्या फोनवर उतरलेला असू शकतो.

क्लाउडवरच्या चार फाईल

आता रेकॉर्डिंगच्या नावावर क्लिक करून आत जा. आत एक फाईल नसून अनेक फाईल असतात. आमच्या बैठकीच्या चार होत्या: `Shared screen with speaker view` हा व्हिडिओ, `Audio only` हा नुसता आवाज, `Audio transcript` हा बोलण्याचा लेखी उतारा आणि `Chat file` ही चॅटची फाईल. प्रत्येकीसमोर पुसण्याचे चिन्ह वेगळे असते. मी पहिल्या दिवशी व्हिडिओसमोरचे चिन्ह दाबले होते, म्हणून बाकीच्या तिन्ही तशाच राहिल्या. व्हिडिओपेक्षा लेखी उतारा जास्त धोक्याचा असतो. सव्वा तासाचा व्हिडिओ कुणी पाहत बसत नाही, पण उताऱ्यात शाळेचे नाव शोधायला एक क्षण पुरतो.

म्हणून एकेक फाईल पुसण्यापेक्षा यादीवर परत येऊन बैठकीचे पूर्ण रेकॉर्डिंग निवडावे आणि मगच पुसावे. त्याआधी ते पूर्ण तयार झाले आहे ना, ते पाहा. बैठक संपल्यावर झूमला रेकॉर्डिंगवर काम करायला वेळ लागतो. साधारणपणे बैठक जितकी चालली त्याच्या दुप्पट, आणि गर्दी असली तर त्याहून जास्त. लेखी उतारा व्हिडिओनंतर येतो. बैठक संपल्या संपल्या तुम्ही घाईने आत गेलात, तर जे पुसायचे ते अजून तिथे आलेलेच नसेल. काम चालू असल्याचे दिसत असेल तर थांबा, आणि काहीही झाले तरी दुसऱ्या दिवशी पान पुन्हा एकदा उघडून पाहा.

पुसलेले रेकॉर्डिंग थेट नष्ट होत नाही. ते झूमच्या कचरापेटीत, म्हणजे `Trash` मध्ये, ३० दिवस राहते आणि तोपर्यंत परत आणता येते. चुकून पुसले गेले असेल तर ही सोय मोलाची आहे. पण एका माणसाला शब्द देऊन आपण पुसत असू, तर महिनाभर ते तिथे ठेवणे बरोबर नाही, विशेषतः खात्याचा पासवर्ड तीन-चार जणांकडे असतो तेव्हा. म्हणून त्याच पानावरच्या `Trash` मध्ये जा आणि तेच रेकॉर्डिंग तिथूनही पुसा. पेटी सरसकट रिकामी करण्याआधी आत दुसऱ्या कुणाचे काही नाही ना, ते पाहून घ्या. आमच्या खात्याच्या पेटीत प्रशिक्षणाचे एक रेकॉर्डिंग चुकून गेलेले होते, ते आधी परत आणावे लागले.

संगणकावरच्या प्रती

झूम संगणकावरही रेकॉर्ड करू शकते. फुकट खात्यावर तर तेवढीच सोय असते. अशी फाईल ज्याने रेकॉर्डिंगचे बटण दाबले त्याच्याच संगणकावर राहते, मग तो यजमान असो किंवा यजमानाने परवानगी दिलेला एखादा सहभागी. झूमच्या वेबसाइटवरून ती पुसता येत नाही.

विंडोजवर आणि मॅकवरही, कुणी बदलली नसेल तर, ही जागा `Documents` मधला `Zoom` हा फोल्डर असते. त्यात प्रत्येक बैठकीचा वेगळा फोल्डर असतो आणि त्याच्या नावात तारीख व वेळ असते. आत साधारण अशा फाईल सापडतात:

```
video….mp4
audio….m4a
chat.txt
meeting_saved_chat.txt
meeting_saved_closed_caption.txt
double_click_to_convert_01.zoom
```

सगळ्या फाईल प्रत्येक वेळी असतातच असे नाही. माझ्याकडे व्हिडिओ नव्हता, पण `meeting_saved_chat.txt` होती, कारण बैठक संपता संपता मी चॅट जतन केली होती. या फाईलबाबत एक बारकावा आहे. क्लाउडवरच्या चॅट फाईलमध्ये सर्वांना पाठवलेले संदेश येतात. संगणकावर जतन केलेल्या चॅटमध्ये मात्र तुम्हाला दिसलेले सगळे येते, म्हणजे एखाद्याने तुम्हाला एकट्याला लिहिलेला खासगी संदेशही. त्या आईने मला खासगीत लिहिलेल्या दोन ओळी माझ्या लॅपटॉपवरच्या फाईलमध्ये शब्दशः होत्या. क्लाउडवर त्या नव्हत्या.

शेवटच्या फाईलकडेही लक्ष द्या. बैठक संपल्यावर संगणक मध्येच बंद झाला, तर रेकॉर्डिंगचे रूपांतर अर्धवट राहते आणि `.zoom` शेपटी असलेली कच्ची फाईल मागे उरते. तिच्यावर दोनदा क्लिक केले की रूपांतर पुन्हा सुरू होते. व्हिडिओ दिसत नाही म्हणून रेकॉर्डिंग नाही असे समजू नका. ही फाईल म्हणजे रेकॉर्डिंगच आहे.

बैठकीचा पूर्ण फोल्डर पुसा आणि मग संगणकाचा रिसायकल बिनही रिकामा करा. विंडोजवर आणखी एक ठिकाण तपासावे लागते. पुष्कळ लॅपटॉपवर `Documents` फोल्डर वनड्राइव्हशी जोडलेला असतो आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. अशा वेळी फाईलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या खात्यातही गेलेली असते. फोल्डरचा पत्ता पाहिला की हे कळते: त्यात `OneDrive` हा शब्द असेल तर प्रत वर गेली आहे. मग वनड्राइव्हच्या वेबसाइटवर जाऊन तिथला रिसायकल बिनही रिकामा करा. वैयक्तिक खात्यात तो पुसलेली फाईल ३० दिवस धरून ठेवतो.

बैठकीनंतरही चालू राहणारी चॅट

पूर्वी बैठक संपली की चॅट संपायची. आता बैठक ठरवताना `Enable continuous meeting chat` या ओळीवर खूण असेल, तर ती चॅट बैठकीनंतरही झूम अॅपच्या `Team Chat` मध्ये एका गटासारखी जिवंत राहते. संदेश तिथे असतात, पाठवलेल्या फाईलही असतात, आणि सहभागी बैठक सोडून गेले तरी त्या उघडू शकतात. रेकॉर्डिंगच्या पानावरची चॅट फाईल पुसल्याने या चॅटला काहीही होत नाही.

म्हणून झूम अॅप उघडून `Team Chat` मध्ये बैठकीच्या नावाची चॅट दिसते का, ते पाहा. दिसली तर जो तिचा मालक आहे, म्हणजे सहसा ज्याने बैठक ठरवली तो, त्यानेच ती पूर्ण काढावी. इतरांनी आपल्या यादीतून ती हटवली तर फक्त त्यांच्या डोळ्यांआड होते.

ज्या फाईल तुमच्या नाहीत

बैठकीत फिरलेल्या फाईलचे दोन प्रकार असतात आणि दोन्हींची वाट वेगळी असते.

पहिला प्रकार लिंकचा. आमच्या गटातल्या वडिलांनी प्रमाणपत्र गुगल ड्राइव्हवर ठेवून लिंक दिली होती, आणि लिंक असलेल्या कुणालाही ते उघडता येईल अशी परवानगी दिली होती. ही फाईल त्यांची आहे. मी ती माझ्या ड्राइव्हमधून काढली, तर माझ्या यादीतून जाईल, त्यांच्या खात्यात तशीच राहील आणि इतर अकरा जणांना उघडतही राहील. म्हणून मी त्यांना फोन केला आणि सोबत राहून दोन गोष्टी करवून घेतल्या. फाईलच्या `Share` मध्ये जाऊन `General access` खाली `Restricted` निवडले. त्याने लिंक त्याच क्षणी बंद पडली. मग त्यांना ती फाईल ड्राइव्हवर ठेवायचीच नसल्याने ती पुसून बिनमधूनही काढली. गुगल ड्राइव्हचा बिनही ३० दिवस फाईल सांभाळतो.

लिंक बंद केली तरी एक गोष्ट उरते. कुणी तोवर त्या फाईलची स्वतःच्या ड्राइव्हवर प्रत केली असेल किंवा ती फोनवर उतरवली असेल, तर ती प्रत त्या माणसाची झाली. मूळ फाईल पुसल्याने ती जात नाही.

दुसरा प्रकार थेट पाठवलेल्या फाईलचा. चाचणीचा अहवाल चॅटमधून गेला होता आणि चौघांनी तो उतरवून घेतला होता. चॅटच्या जतन केलेल्या मजकुरात फाईल नसते, म्हणून मजकूर पुसून अहवाल पुसला जात नाही. तो त्या चौघांच्या `Downloads` मध्ये असतो. इथे कोणतेही बटण नाही. माणसांना विचारणे एवढेच हाती असते.

सगळ्यांना काय लिहायचे

"कृपया सर्वांनी रेकॉर्डिंग डिलीट करावे" एवढे लिहिले, तर निम्म्यांना आपल्याकडे काही आहे हेच कळत नाही. काय शोधायचे, कुठे शोधायचे आणि झाल्यावर काय कळवायचे, हे तिन्ही लिहावे. त्याचबरोबर हे कुणाच्या विनंतीवरून चालले आहे ते लिहू नये. नाहीतर ज्या आईला जपायचे तिच्याकडेच सगळ्यांच्या नजरा जातील. आमच्या गटात मी हा संदेश टाकला:

"नमस्कार. रविवारच्या बैठकीचे रेकॉर्डिंग माझ्याकडून अनवधानाने झाले. मुलांची खासगी माहिती त्यात असल्याने मी ते पुसले आहे. आपल्याकडेही तीन गोष्टी असू शकतात: एक, उतरवून घेतलेला व्हिडिओ, दोन, संगणकावर `Documents` मधल्या `Zoom` फोल्डरमध्ये जतन झालेली चॅट, तीन, चॅटमधून उतरवलेला अहवाल किंवा प्रमाणपत्र, तो फोनवर असेल तर `Downloads` मध्ये किंवा गॅलरीत. सापडल्यास पुसा, पुढे कुणाला पाठवले असल्यास त्यांनाही पुसायला सांगा, आणि बुधवार रात्रीपर्यंत मला फक्त 'पुसले' किंवा 'नव्हते' एवढे कळवा."

गटात टाकण्याबरोबर प्रत्येकाला वेगळाही पाठवला. नऊ उत्तरे बुधवारपर्यंत आली, तीन जणांना फोन करावा लागला. व्हिडिओ उतरवणारा माणूस फोनवरच सापडला. त्या दिवशी बैठक अर्ध्यात सोडून गेलेले एक वडील होते. उरलेले ऐकावे म्हणून त्यांनी तो उतरवला होता, आणि सांगताच त्यांनी पुसला. आकडा टिपून ठेवला नसता, तर "नव्हते" या उत्तरांवर विश्वास ठेवून मी थांबले असते.

या कामाची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. कुणी दुसऱ्या फोनने पडद्याचे चित्रण केले असेल, किंवा आपल्या संगणकावर पडदा टिपणारे अॅप चालू ठेवले असेल, तर ते झूमला कळत नाही आणि यजमानालाही कळत नाही. म्हणून त्या आईला मी "आता कुठेही काही नाही" असे कळवले नाही. आपल्या ताब्यातल्या सगळ्या प्रती पुसल्या, बारा जणांना विचारले, सगळ्यांची उत्तरे आली, असे कळवले. खात्रीचा शब्द देण्यापेक्षा हे खरे होते.

पुसले गेले, हे कसे कळेल

तपासणी स्वतःच्या उघड्या खात्यातून करू नये. दुसऱ्या कुणाचा फोन घ्या किंवा ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, आणि गटात पाठवलेली जुनी लिंक जशीच्या तशी उघडून पाहा. रेकॉर्डिंग अस्तित्वात नाही अशा अर्थाचा संदेश आला पाहिजे. पासवर्ड विचारला गेला, तर रेकॉर्डिंग अजून जिवंत आहे असे समजा. कुलूप लागले म्हणजे घर रिकामे झाले असे नाही. ड्राइव्हच्या लिंकवर परवानगी मागण्याचे पान आले, तर लिंक बंद आहे पण फाईल शाबूत आहे.

मग झूमच्या वेबसाइटवर `Cloud Recordings` आणि `Trash` ही दोन्ही पाने पुन्हा पाहा. संगणकावर शोधपट्टीत `meeting_saved` एवढे टाकून पाहा. एखाद्याने फाईल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली असेल, तर ती इथे सापडते. हीच तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करा, कारण उशिरा तयार झालेला लेखी उतारा तेव्हाच दिसतो.

शेवटी एका कागदावर काय पुसले, कधी पुसले, कुणाकडून उत्तर आले एवढे लिहून ठेवा. मुलाचे नाव, बोलण्याचा विषय, कुणाची विनंती होती हे त्यात लिहू नका. पुढे कुणी विचारले, तर हा कागद पुरे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ याने आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क मान्य केला आहे. संस्थांना अशा विनंत्यांचे काय केले ते दाखवता यायला हवे.

मीट आणि टीम्स वापरत असाल तर

प्रश्न तेच राहतात, जागा बदलतात. गुगल मीटचे रेकॉर्डिंग बैठक भरवणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये `Meet Recordings` या फोल्डरमध्ये जाते. चॅट आणि लेखी उतारा चालू असेल तर त्यांच्या फाईल वेगळ्या असतात, आणि कॅलेंडरच्या नोंदीलाही त्यांच्या लिंक जोडलेल्या दिसतात. तिन्ही पुसून ड्राइव्हचा बिन रिकामा करावा.

टीम्समध्ये साध्या बैठकीचे रेकॉर्डिंग सहसा बैठक भरवणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये `Recordings` फोल्डरमध्ये असते. चॅनेलमधल्या बैठकीचे रेकॉर्डिंग शेअरपॉइंटवर असते. चॅटमध्ये दिलेल्या फाईल पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये `Microsoft Teams Chat Files` मध्ये राहतात, म्हणून त्या त्यालाच काढाव्या लागतात. कार्यालयाच्या खात्यात पुसलेली फाईल रिसायकल बिनमध्ये ९३ दिवसांपर्यंत राहते. शिवाय संस्थेच्या व्यवस्थापकाने नोंदी जपण्याचा नियम लावला असेल, तर तुमच्याकडून फाईल गेली तरी त्यांच्याकडे राहते. कार्यालयाचे खाते असेल, तर पुसण्याआधी त्यांना विचारा.

पुढच्या बैठकीआधी

झूमच्या `Settings` मधल्या `Recording` भागात जाऊन मी तीन बदल केले. आपोआप रेकॉर्डिंग बंद केले. सहभागींनी संगणकावर रेकॉर्ड करण्याची परवानगी काढली. आणि क्लाउडवरचे रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाण्याची सोय चालू केली, म्हणजे कधी रेकॉर्ड करावेच लागले तरी ते विसरून पडून राहणार नाही. चॅट जतन करण्याची आणि चॅटमधून फाईल पाठवण्याची सोयही बंद केली. फाईल दाखवायचीच असेल, तर पालक ती पडद्यावर दाखवतात.

या बदलांनी इतरांच्या हातातले चित्रण थांबत नाही, हे वर लिहिलेच आहे. म्हणून आता बैठक सुरू होताना मी पडद्याकडे पाहून मोठ्याने सांगते: आज रेकॉर्डिंग चालू नाही, कुणीही करू नये. त्या आईने पुढच्या बैठकीला येण्याआधी मला एवढेच विचारले होते, की आज रेकॉर्डिंग नाही ना. ती आली, आणि मुलाविषयी पुन्हा बोलली. शाळेचे नाव मात्र तिने घेतले नाही.